पाऊण घाताचा वाद

एम.एस्सी.च्या वर्गात इकॉलॉजीचा सेमिनार असला की ‘शरीराचा आकार आणि चयापचय’ हा विषय कुणीतरी घेतोच. निबंधाच्या पहिल्या पानावर हमखास एक वाक्य असतं: प्राण्याचा चयापचय दर त्याच्या वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढतो, याला क्लायबरचा नियम म्हणतात. वाक्य लिहून झालं की निबंध पुढे सरकतो. या एका वाक्यावरून कित्येक दशकं वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही. वाद कशावरून आहे हे कळायला गणित फारसं लागत नाही. तराजूवर कुठले प्राणी ठेवले आणि ते कुठल्या अवस्थेत होते, एवढं नीट पाहिलं तरी बरंच उलगडतं.

आधी चयापचय दर म्हणजे काय ते पाहू. जनावर काही न करता नुसतं जिवंत राहण्यासाठी दिवसाला जेवढी ऊर्जा खर्च करतं, तो त्याचा मूलभूत चयापचय दर. तो मोजायचा तर प्राण्याला बंद पेटीत ठेवतात, पेटीतून हवेचा प्रवाह सोडतात आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन मोजतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला म्हणजे साधारण ४.८ किलोकॅलरी खर्च झाल्या, असा हिशेब धरतात. वीस ग्रॅमचा उंदीर शांत बसला असेल तर तासाला ३२ मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन घेतो. दिवसाचे होतात पाऊण लिटरच्या वर, म्हणजे पावणेचार किलोकॅलरीच्या जवळपास.

पण ‘शांत बसला असेल तर’ या शब्दांत सगळी गोम आहे. मोजमाप ग्राह्य धरायला काही अटी पाळाव्या लागतात. प्राणी प्रौढ हवा, गाभण नको. त्याच्या दिनक्रमातल्या विश्रांतीच्या वेळी तो जागा पण निश्चल हवा. पेटीतलं तापमान असं हवं, की ऊब धरायला किंवा थंड व्हायला त्याला वेगळी ऊर्जा खर्च करावी लागणार नाही. आणि त्याच्या पोटातलं अन्न पचून संपलेलं हवं, कारण पचनालाही ऊर्जा लागते. ही शेवटची अट लक्षात ठेवा. पुढे सारा वाद तिच्याभोवती फिरणार आहे.

आता घाताकडे वळू. प्राण्याचं वजन दुप्पट झालं की खर्चही दुप्पट होईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं झालं असतं तर घातांक १ आला असता. प्रत्यक्षात खर्च त्याहून कमी वाढतो. घातांक पाऊण असेल तर वजन सोळापट झाल्यावर खर्च फक्त आठपट होतो. घातांक दोन तृतीयांश असेल तर वजन आठपट झाल्यावर खर्च चौपट होतो, आणि सोळापट झाल्यावर सव्वासहापटीच्या थोडा वर जातो. आठ आणि सव्वासहा यांतलं अंतर डोळ्यात भरण्याएवढं मोठं नाही. म्हणूनच हा वाद इतका लांबला.

दोन तृतीयांश हा आकडा आधी आला, आणि तो भूमितीतून आला. एखाद्या घनाची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर त्याचं आकारमान आठपट होतं, पण पृष्ठभाग चौपटच होतो. उष्ण रक्ताच्या प्राण्याचं शरीर त्वचेतून उष्णता गमावतं. तेव्हा जेवढी त्वचा तेवढी झीज, आणि जेवढी झीज तेवढं इंधन, असा हा तर्क. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी १८८३ मध्ये तो कुत्र्यांवर तपासला. त्यांच्या सर्वांत लहान कुत्र्याचं वजन सुमारे ३.२ किलो होतं, सर्वांत मोठ्याचं सुमारे ३१ किलो. लहान कुत्रा किलोमागे दिवसाला ८८ किलोकॅलरी खर्च करत होता, मोठा फक्त ३६. पण त्वचेच्या दर चौरस मीटरमागे मोजलं तेव्हा दोघांचे आकडे हजार ते बाराशेच्या दरम्यान आले. किलोमागे अडीचपट फरक होता, तो चौरस मीटरमागे जवळजवळ विरघळला. पृष्ठभागाचा नियम सिद्ध झाला असं पुढे पन्नास वर्षं मानलं गेलं.

रुबनर यांच्या या दोन टोकांच्या कुत्र्यांवरून घातांक काढला तर तो ०.६० च्या आसपास येतो, म्हणजे दोन तृतीयांशाच्याही खाली. सात कुत्र्यांच्या, तेही एकाच जातीच्या प्राण्यांच्या आकड्यांवरून घातांक नेमका ठरवता येत नाही. वजनातला फरक जेमतेम दहापट होता. दहापट वजनाला पाऊण घाताने ५.६ पट खर्च येतो, दोन तृतीयांशाने ४.६ पट. एखादा कुत्रा जरा अस्वस्थ असला, एखादा लठ्ठ असला, तरी एवढा फरक सहज बुजून जातो. फरक उघडा पाडायचा तर वजनाचा पल्ला लांब हवा.

तो पल्ला मॅक्स क्लायबर यांनी गाठला. जन्माने स्विस असलेले क्लायबर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत पशुपोषणावर काम करत होते. १९३२ मध्ये त्यांनी ‘हिल्गार्डिया’ या कृषी नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यातल्या तक्त्यात तेरा ओळी होत्या. एका टोकाला दीडशे ग्रॅमचा होला, मग उंदीर, कबूतर, कोंबडी, कुत्रे, मेंढी, बाई, पुरुष आणि दुसऱ्या टोकाला गाय नि खच्ची केलेले बैल. सर्वांत मोठा बैल पावणेसातशे किलोच्या घरात होता. आकडे लॉग कागदावर मांडले, म्हणजे अक्षावरचं प्रत्येक पाऊल दहापटीचं ठेवलं, तर ते एका सरळ रेषेवर बसले. त्या रेषेचा उतार ०.७४ निघाला. दोन तृतीयांश तो नव्हता.

०.७४ चं पाऊण कसं झालं, हेही सांगायला हवं. क्लायबर यांनी व्यवहाराच्या सोयीसाठी तीन चतुर्थांश सुचवलं, कारण त्या काळच्या स्लाइड रूलवर तो घात काढणं सोपं होतं: घन करायचा आणि दोनदा वर्गमूळ घ्यायचं. जवळपास त्याच सुमाराला मिसुरी विद्यापीठात सॅम्युएल ब्रोडी यांनी उंदरापासून हत्तीपर्यंतचे आकडे जमवून ०.७३ चा उतार काढला होता. पुढे १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ट्रून गावी पशुपोषणशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि तिथे मतदान घेऊन पाऊण घात मान्य केला गेला. एकोणतीस मतं बाजूने, विरोधात एकही नाही. सगळ्यांनी एकच एकक वापरावं म्हणून ती तडजोड होती आणि तेवढ्यापुरती ती योग्यच होती. बिघडलं ते पुढे. तडजोडीने ठरलेला आकडा पाठ्यपुस्तकांत निसर्गनियम म्हणून छापला जाऊ लागला.

क्लायबर यांचं सूत्र असं: वजन किलोत घ्या, त्याचा पाऊण घात काढा आणि ७० ने गुणा, म्हणजे दिवसाच्या किलोकॅलरी मिळतात. सत्तर किलोच्या माणसाला १,७०० च्या आसपास, पाचशे किलोच्या गाईला ७,४००, चार टनी हत्तीला ३५,०००. वीस ग्रॅमचे दोन लाख उंदीर एकत्र केले तर वजन एका हत्तीएवढं भरेल, पण ते उंदीर दिवसाला साडेसात लाखांच्या जवळपास किलोकॅलरी जाळतील, हत्तीच्या एकवीसपट. आता त्याच उंदरापासून निघून दोन तृतीयांशाच्या रेषेने हत्तीपर्यंत गेलो तर हत्तीच्या वाट्याला ३५,००० ऐवजी १२,७०० च येतात. दोन लाखपट वजनाच्या पल्ल्यावर दोन घातांकांतला फरक पावणेतीनपटीचा आहे. प्रत्यक्षात रेषा उंदरापाशी खिळलेली नसते. ती सगळ्या बिंदूंच्या मधून जाते, त्यामुळे हा फरक दोन्ही टोकांना वाटला जातो. एकाच वजनाच्या दोन जातींच्या सस्तन प्राण्यांतही दुपटी-तिपटीचा फरक सर्रास आढळतो. वाळवंटात राहणारा आणि थंड पाण्यात राहणारा, मुंग्या खाणारा आणि मांस खाणारा, असे हे फरक असतात. तेव्हा टोकाचे मोजके प्राणी कोण आहेत, यावर उतार अवलंबून राहतो.

त्यातही जड टोकाला कोण बसलंय ते महत्त्वाचं. क्लायबर यांच्या तक्त्यात माणसाहून जड असलेली सगळी जनावरं रवंथ करणारी आहेत.

गाय किंवा म्हैस खाल्लेला चारा आधी पहिल्या मोठ्या पोटात साठवते. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव तो आंबवतात. ही प्रक्रिया चालू असताना उष्णता आणि मिथेन सतत निर्माण होत असतात. कुत्र्याचं किंवा माणसाचं जेवण रात्रभरात पचून जातं. गाईचं पोट मात्र चारा काढून घेतल्यावरही दोन-तीन दिवस काम करत राहतं. पचन थांबलं की नाही हे ओळखायच्या खुणा आहेत. श्वासातलं मिथेन जवळजवळ बंद व्हायला हवं, आणि बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन हे गुणोत्तर ०.७ च्या जवळ उतरायला हवं. ते उतरलं म्हणजे जनावर आता चाऱ्यावर नाही, अंगातल्या चरबीवर चाललंय. पण तोवर ते उपाशी, बेचैन असतं. त्याला आणखी उपाशी ठेवलं तर शरीर काटकसर करू लागतं आणि दर खाली घसरतो. म्हणजे ‘पोट रिकामं आणि तरी उपासमार नाही’ ही अवस्था रवंथ करणाऱ्या जनावरात नीट सापडतच नाही. उंदरासाठी घालून दिलेली अट गाईला लावायचीच कशी, हा प्रश्न उरतो.

२००३ मध्ये क्रेग व्हाइट आणि रॉजर सीमोर यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांनी सहाशेहून अधिक सस्तन जातींचे आकडे गोळा केले आणि ज्या गटांत मूलभूत दराच्या अटी पाळणं शक्य नाही, ते गट बाजूला काढले. रवंथ करणारे व त्यांचे समखुरी भाऊबंद, कांगारू, ससे आणि चिचुंदऱ्या हे ते गट. शिवाय शरीराचं तापमान जातीजातींत वेगळं असतं आणि गरम शरीर अधिक जाळतं, म्हणून सगळे आकडे एकाच तापमानाला आणले. उरलेल्या प्राण्यांचा उतार दोन तृतीयांशाच्या जवळ आला. रुबनर पुन्हा उभे राहिले.

इथे सेमिनारमध्ये एक शंका निघते आणि ती रास्त आहे: आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत प्राणी वगळत गेलं तर काहीही सिद्ध करता येईल. या आक्षेपाला उत्तर चिचुंदरी देते. कांगारू आणि ससे वगळण्याचं कारण गाईसारखंच आहे, त्यांच्याही पोटात आंबवणं चालतं. चिचुंदऱ्यांचं कारण निराळं. त्या इतक्या भराभर अन्न जाळतात की रिकाम्या पोटी शांत बसवणं अवघड, त्यामुळे त्यांचा मोजलेला दर चढा येतो. हलक्या टोकाला असे चढे आकडे असले की रेषेचा उतार कमी होतो. म्हणजे चिचुंदरी वगळल्याने उतार वर जातो, व्हाइट आणि सीमोर यांच्या म्हणण्याच्या विरुद्ध दिशेला. तरीही त्यांनी ती वगळली. वगळण्याचा निकष निकालावर नाही तर मोजमापाच्या अटीवर बेतलेला होता, याचा हा चांगला पुरावा आहे.

पण रवंथ करणाऱ्यांना वगळणं एवढंच पुरेसं आहे का? एक हिशेब करून बघू. दोनशे ग्रॅमचा उंदीर आणि पाचशे किलोची गाय, वजनात अडीच हजारपट फरक. समजा, खरा नियम दोन तृतीयांशाचा आहे आणि निव्वळ पोटातल्या आंबण्यामुळे गाईचा आकडा फुगला आहे. पाऊण घात दिसायला तो किती फुगायला हवा? या पल्ल्यावर उत्तर येतं १.९ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दोन-तीन दिवस उपाशी ठेवलेल्या गाईत पचनाची उष्णता एवढी उरणार नाही. वीस टक्के फुगवटा धरला तर उतार ०.०२ ने वाढतो, तीस टक्के धरला तर ०.०३ ने. दोन घातांकांतलं अंतर आहे ०.०८. दोनच टोकांवरून केलेला हा ढोबळ हिशेब असला तरी माझं मत त्यावरून बनलं आहे: पोटाचा आक्षेप खरा आहे, पण त्याने अंतराचा लहान भागच भरून निघतो. बाकीचा कशाने भरायचा?

त्याचं उत्तर जमाखर्चाच्या दुसऱ्या बाजूला आहे. सस्तन प्राण्यांच्या यादीत निम्म्याहून अधिक जाती उंदीर आणि वटवाघळांसारख्या छोट्या आहेत. शंभर किलोच्या वरचे प्राणी मोजकेच, कारण हत्तीला पेटीत बसवणं कुणालाही सोपं नाही. अशा यादीतून सरळ रेषा काढली तर ती मुख्यतः उंदीर-वटवाघळांची रेषा होते. व्हॅन सॅव्हेज, जेम्स ब्राउन, जेफ्री वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर तोड काढली. वजनाच्या अक्षाचे सारखे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यातल्या जातींची सरासरी घेतली आणि त्या सरासऱ्यांमधून रेषा काढली. उतार आला ०.७४ च्या जवळ. क्लायबर पुन्हा उभे राहिले. हा प्रकार म्हणजे माणशी एक मत न देता गावाला एक मत देण्यासारखा आहे. वाडीतल्या तीन घरांना बाजारपेठेच्या गावाएवढंच वजन मिळतं. त्यात अन्याय आहे की न्याय, हे तुम्हाला कशाचं उत्तर हवंय त्यावर ठरतं. पण एक गोष्ट उघड झाली: तीच आकडेवारी, मत मोजण्याच्या दोन रीती आणि दोन वेगळे घातांक.

असं का व्हावं? रेषा खरोखर सरळ असती तर छोट्यांना जास्त मतं दिली काय नि मोठ्यांना दिली काय, उतार तोच आला असता. पीटर डॉड्स, डॅनियल रोथमन आणि जोशुआ वाइट्झ यांनी २००१ मध्येच दाखवून दिलं होतं की दहा किलोच्या खालचे सस्तन प्राणी वेगळे घेतले तर त्यांचा उतार दोन तृतीयांशाशी जुळतो. २०१० मध्ये टॉम कोलोकोट्रोनेस, सॅव्हेज, एरिक डीड्स आणि वॉल्टर फोंटाना यांनी ‘नेचर’मध्ये ती गोष्ट सरळ मांडली: लॉग कागदावर ही रेषा सरळ नाहीच, ती वर वळलेली आहे. छोट्या प्राण्यांपाशी उतार कमी, मोठ्यांपाशी जास्त. म्हणून ज्यांच्या यादीत उंदीर जास्त त्यांना दोन तृतीयांशाजवळचा आकडा मिळत होता आणि ज्यांच्या यादीत बैल-हत्ती ठसठशीत त्यांना पाऊण. दोन्ही पक्ष आपापल्या तुकड्यापुरते बरोबर होते. एका वक्र रेषेचा एकच उतार विचारणं, हीच चूक होती.

या शोधाची झळ सर्वांत जास्त लागली ती पाऊण घाताच्या सर्वांत देखण्या सिद्धान्ताला. १९९७ मध्ये लॉस अलामोसचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री वेस्ट, न्यू मेक्सिको विद्यापीठाचे जेम्स ब्राउन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रायन एन्क्विस्ट यांनी ‘सायन्स’मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की मर्यादा त्वचेने येत नाही, रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने येते. महाधमनीला फाटे फुटत फुटत शेवटी केशवाहिन्या येतात. हे जाळं शरीराच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचायला हवं, केशवाहिनीचा आकार उंदरात नि देवमाशात सारखाच असायला हवा, आणि रक्त ढकलायला कमीत कमी शक्ती लागायला हवी. या तीन गृहीतकांवरून गणिताने नेमका तीन चतुर्थांश बाहेर पडतो. शरीर वाढतं तसं जाळ्यातल्या रक्ताचं आकारमान केशवाहिन्यांच्या संख्येपेक्षा वेगाने वाढतं. म्हणून मोठ्या शरीरात प्रत्येक किलोच्या वाट्याला कमी केशवाहिन्या येतात आणि पेशींना ऊर्जा जपून वापरावी लागते.

मला हा सिद्धान्त आजही फार मोलाचा वाटतो. त्वचेचा तर्क फक्त उष्ण रक्ताच्या प्राण्यांपुरता होता. पण मासे, सरडे, किडे यांना ऊब धरायची नसते, तरी त्यांचाही घातांक १ च्या खाली राहतो. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ अक्सेल हेमिंगसेन यांनी १९६० मध्येच हे दाखवलं होतं. याचं स्पष्टीकरण रुबनर यांच्याकडे नाही. जाळ्याच्या सिद्धान्ताने ते द्यायचा प्रयत्न केला. पण त्याचं गणित नीट पाहिलं तर नेमका पाऊण घात फक्त अनंत मोठ्या प्राण्याला लागू पडतो. खऱ्या प्राण्यांच्या मर्यादित आकारांसाठी तेच गणित केल्यावर सॅव्हेज, डीड्स आणि फोंटाना यांना २००८ मध्ये ०.८१ च्या आसपासचा घातांक मिळाला. वाकण्याची दिशाही आकडेवारीच्या उलटी निघाली. रक्त कुठल्या वाहिनीपासून ठोके देत वाहायचं थांबतं आणि संथ होतं, हे गृहीतक बदललं तर वाकणं जुळवून घेता येतं. पण मग नेमका पाऊण आकडा सिद्धान्तातून आपोआप बाहेर पडत नाही, आणि त्याची मुख्य मोहिनी तीच होती.

वर्ग बदलला की आकडाही बदलतो, याचीही दखल घ्यायला हवी. जोरात धावणाऱ्या सस्तन प्राण्यांचा कमाल दर घेतला तर घातांक ०.८७ च्या आसपास जातो. एकपेशीय जीवांत तो १ च्या जवळ, जिवाणूंत १ च्याही वर. रोपांवर केलेल्या मोजणीत तो १ च्या जवळ आला. या सगळ्यांना एकच नियम लावण्याचा हट्ट आता फार थोडे जण धरतात.

इकॉलॉजीवाल्यांना या वादात एवढा रस का, तर त्यांचं एक मोठं गणित यावर उभं आहे. १९८१ मध्ये जॉन डॅमथ यांनी दाखवलं की शाकाहारी सस्तन प्राण्यांची दर चौरस किलोमीटरमागची संख्या वजनाच्या उणे पाऊण घाताने घटते. प्रत्येक जनावराचा खर्च पाऊण घाताने वाढत असेल तर दोन्हींचा गुणाकार वजनावर अवलंबून राहत नाही. म्हणजे त्या भागातले उंदीर सगळे मिळून जेवढं खातात, साधारण तेवढंच तिथले मोठे खुरवाले प्राणी सगळे मिळून खातात. कुणाही एका आकाराच्या प्राण्यांना परिसंस्थेत जादा वाटा नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. आता खर्चाचा घातांक दोन तृतीयांश धरला तर हा समतोल मोडतो: उंदीर ते हत्ती या पल्ल्यात लहानांचा एकूण वाटा पावणेतीनपटीने मोठा ठरतो. पण शेतात किंवा जंगलात जनावरांची संख्या मोजताना होणारी चूक याहून मोठी असते. त्यामुळे निव्वळ संख्येच्या आकड्यांवरून घातांकाचा निकाल लावता येणार नाही. तो दावा कुणी केला तर त्याच्याकडे मोजणीतल्या चुकीचा अंदाज मागावा.

ज्यांना रोज निर्णय घ्यावे लागतात, ते मात्र थांबलेले नाहीत. गाई-म्हशींना जगण्यापुरता चारा किती लागेल हे ठरवणारी कोष्टकं आपल्याकडेही वजनाच्या ०.७५ घातावर बेतलेली असतात. पशुवैद्यकाचे विद्यार्थी ते पाठ करतात. दुसरीकडे नवं औषध उंदरावरून माणसावर आणताना पहिला सुरक्षित डोस ठरवायचा असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत तो त्वचेच्या क्षेत्रफळावरून, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश घातावरून काढतात. उंदराला किलोमागे दिलेल्या डोसला त्यासाठी १२.३ ने भागायचं असतं. दोन्ही रीती आपापल्या जागी चालतात, कारण चाऱ्याच्या हिशेबाचा पल्ला आखूड आहे आणि डोस ठरवताना सुरक्षेसाठी जादा जागा ठेवलेली असते. शेळीपासून म्हशीपर्यंत वजन दहा-वीसपट वाढतं. तेवढ्यात कुठलाही घातांक घेतला तरी चारा फार चुकत नाही.

म्हणून सेमिनारच्या निबंधात ‘क्लायबरचा नियम’ लिहायला हरकत नाही, पण त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: कुठल्या वजनापासून कुठल्या वजनापर्यंत, कुठल्या अवस्थेतले प्राणी, आणि घातांकाच्या दोन्ही बाजूंना अनिश्चितता किती. त्या पल्ल्यात पाऊण आणि दोन तृतीयांश दोन्ही बसत असतील तर तेही सांगावं. आलेख काढला असेल तर प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वर किंवा खाली आहे, ते वजनाच्या क्रमाने मांडून बघा. दोन्ही टोकांचे बिंदू रेषेच्या वर आणि मधले खाली दिसले, तर तुमच्या हातात सरळ रेषा नाही, आणि तिचा एकच घातांक छापण्याचा अधिकारही तुम्हाला नाही.